सौर प्रकल्पासाठी जागेची निवड: उत्तर सोलापूर तालुक्याचं क्यूजीआयएस प्रात्यक्षिक, क्रमाने

जीआयएसच्या अभ्यासक्रमात 'योग्य जागेची निवड' हे प्रात्यक्षिक हमखास असतं. थर एकमेकांवर ठेवायचे, भारांक द्यायचे, रंगीत नकाशा काढायचा. नकाशा प्रत्येकाचा तयार होतो. प्रश्न असा की त्यावर हिरवी दिसणारी जागा खरोखर चालण्यासारखी असते का. सोलापूर परिसरासाठी केलेल्या नकाशांत बहुतेक वेळा तीन चुका आढळतात: सपाट जमीन नकाशातून गायब होते, माळरानाला 'पडीक' म्हणून सर्वाधिक गुण मिळतात, आणि सौर किरणांच्या थराला मोठा भारांक देऊनही निकालात काहीच बदलत नाही. तिन्ही चुका सॉफ्टवेअर दाखवत नाही. एकही एरर न येता नकाशा तयार होतो, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतरची तपासणी वगळू नका.

उदाहरण असं धरू: उत्तर सोलापूर तालुका, २० मेगावॉटचा जमिनीवरचा सौर प्रकल्प. एका मेगावॉटला साधारण ४ ते ५ एकर लागतात. वरचा आकडा धरला तर १०० एकर, म्हणजे सुमारे ४० हेक्टर सलग जमीन हवी. हा आकडा आत्ताच वहीत लिहून ठेवा, शेवटी लागेल.

टप्पा १: संगणक उघडण्याआधी कागदावर दोन याद्या

पहिली यादी निर्बंधांची. तिथे प्रकल्प होऊच शकत नाही, मग बाकी सगळं कितीही चांगलं असो: अभयारण्य, वनजमीन, तलाव आणि नदीपात्र, वस्ती, रस्ते आणि रेल्वेची जागा, १० अंशांपेक्षा जास्त चढ. दुसरी यादी घटकांची. इथे कमी-जास्त असतं: उपकेंद्रापासूनचं अंतर, जमिनीचा सध्याचा वापर, चढ, रस्त्यापासूनचं अंतर.

या दोन याद्यांची सरमिसळ झाली की पुढचं सगळं चुकतं. अभयारण्याला '१ गुण' देऊन घटकांत टाकलं, तर उपकेंद्र जवळ असल्यामुळे अभयारण्यातली जमीनही चांगले गुण मिळवून वर येऊ शकते. निर्बंधाला गुण नसतात. तो फक्त शून्य किंवा एक असतो.

सौर किरणांचा थर मी दुसऱ्या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. ग्लोबल सोलर अ‍ॅटलासवरून तो उतरवून तालुक्यापुरता कापा आणि Layer Properties मध्ये किमान आणि कमाल किंमत बघा. एका तालुक्यात दोन्हींमधला फरक अगदी किरकोळ असतो. जो थर सगळीकडे जवळपास सारखा आहे, त्याला ४० टक्के भारांक देणं म्हणजे प्रत्येक पिक्सेलला तेवढेच गुण वाटणं. क्रमवारी त्याने बदलत नाही, उलट ज्या थरांत खरा फरक आहे त्यांचं वजन घटतं. महाराष्ट्रातून जिल्हा निवडायचा असेल तर हा थर जरूर घ्या. तालुक्यातून गट निवडायचा असेल तर सोडा, आणि का सोडला ते अहवालात लिहा.

टप्पा २: माहिती गोळा करणं आणि एका साच्यात बसवणं

लागणारे थर असे: तालुक्याची हद्द, अभयारण्य आणि वनजमिनीच्या हद्दी, ३० मीटरचं उंचीचं प्रारूप (एसआरटीएम किंवा भुवनवरचं कार्टोडेम), जमीन वापरासाठी ईएसएचं २०२१चं वर्ल्डकव्हर, रस्ते आणि उपकेंद्रांसाठी ओपनस्ट्रीटमॅप (क्यूजीआयएसमधल्या QuickOSM प्लगइनने), आणि सेंटिनेल-२ उपग्रहाच्या दोन तारखांच्या प्रतिमा. दोन तारखा कशासाठी, ते टप्पा ३ मध्ये येईल.

७६ अंश रेखांश सोलापूर शहराच्या पूर्वेला अगदी जवळून जातो. त्यामुळे एसआरटीएमची `N17E075` ही एकच फाइल घेतली तर पूर्वेकडचा भाग कापला जातो. `N17E076` सुद्धा घ्या आणि दोन्ही आधी Merge करा.

आता सगळे थर `EPSG:32643` मध्ये आणा. हा यूटीएमचा ४३ उत्तर विभाग, सोलापूर जिल्हा पूर्ण त्यात बसतो. इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. थरावर राइट क्लिक करून Set Layer CRS निवडलं की थर बदलला असं वाटतं. तसं होत नाही, त्याने फक्त थरावरची पाटी बदलते. खरं रूपांतर रास्टरसाठी Warp (reproject) ने आणि व्हेक्टरसाठी Reproject layer ने होतं.

रूपांतर करताना Resampling method विचारला जाईल. उंचीला Bilinear चालतं. वर्ल्डकव्हरला ते कधीही देऊ नका, तिथे Mode किंवा Nearest neighbour. वर्ल्डकव्हरमध्ये ४० म्हणजे शेती आणि ५० म्हणजे बांधकाम. सरासरी काढली तर मध्ये ४५ तयार होतो, आणि त्याला काही अर्थच नाही.

शेवटी सगळी रास्टर ३० मीटरच्या पिक्सेलवर आणि एकाच चौकटीत Align rasters ने बसवा. पिक्सेलचा आकार सारखा असून भागत नाही, त्यांचे कोपरेही जुळावे लागतात.

*तपासणी:* प्रत्येक रास्टरच्या Information पानावर Extent, Pixel Size आणि ओळी-स्तंभांची संख्या बघा. सगळ्या थरांत हे आकडे तंतोतंत सारखे हवेत. एकाही थरात एक ओळ जास्त असेल तर पुढे जाऊ नका.

*सावधान:* हद्दीवर इतक्यात कापू नका. तालुक्याभोवती १५ किलोमीटरचा बफर काढून तेवढं क्षेत्र घ्या. आधीच कापलं तर हद्दीपलीकडे दोन किलोमीटरवर असलेलं मोहोळ किंवा दक्षिण सोलापूरच्या बाजूचं उपकेंद्र नकाशाला दिसतच नाही आणि सीमेवरच्या चांगल्या जमिनीला 'दूर' म्हणून कमी गुण पडतात. तालुक्याच्या हद्दीवर कापणं हे काम सगळ्यात शेवटचं.

टप्पा ३: जमीन वापर, म्हणजे या प्रात्यक्षिकाचा गाभा

बाकीच्या टप्प्यांत घाई झाली तर दुरुस्त करता येतं. इथे घाई केली तर निकाल दिसायला नीटनेटका आणि प्रत्यक्षात खोटा निघतो.

वर्ल्डकव्हरमध्ये ३० म्हणजे गवताळ, ४० म्हणजे शेती, ६० म्हणजे उघडी जमीन. सरधोपट पद्धत अशी: ६० ला पाच गुण, ३० ला चार, ४० ला एक. सोलापुरात हे दोन कारणांनी फसतं.

पहिलं कारण शेतीतलं. वर्ल्डकव्हर बागायत आणि जिरायत वेगळं करत नाही. उसाचा मळा आणि कोरडवाहू ज्वारीचं रान दोन्ही '४०' मध्येच. शिवाय इथलं मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत काढतात. मे महिन्याची एकच प्रतिमा घेतली तर ज्वारीचं उत्तम रान आणि खरी पडीक जमीन एकसारखी तपकिरी दिसते. म्हणून दोन तारखा घ्यायच्या: एक जानेवारीच्या सुरुवातीची, एक मेच्या मध्याची, दोन्ही ढगविरहित. प्रत्येकीचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळ मोजणारा निर्देशांक, काढा:

```
("B8@1" - "B4@1") / ("B8@1" + "B4@1")
```

सूत्रातली थरांची नावं तुमच्या फाइलप्रमाणे बदला. आता दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. मे महिन्यातही हिरवं असेल तर ते बागायत: ऊस, द्राक्ष, डाळिंब. जानेवारीत हिरवं आणि मेमध्ये कोरडं असेल तर रब्बीचं रान. दोन्ही वेळी कोरडं असेल तर पडीक, मुरमाड किंवा माळ. 'हिरवं' कुठून धरायचं हा आकडा पुस्तकातून उचलू नका. गुगल अर्थवर स्पष्ट ओळखू येणारे उसाचे आणि उघड्या मुरमाचे काही तुकडे निवडा, त्यांच्या किमती Identify Features ने वाचा आणि दोन्हींच्या मधोमध सीमा ठेवा.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. 'दोन्ही वेळी कोरडं' या गटात माळरान येतं. नान्नज आणि भोवतीचा पट्टा बघा. उथळ माती, आखूड गवत, झाडं जवळपास नाहीत, चढ नाही. संगणकाच्या लेखी ही सौर पटलांसाठी आदर्श जागा. प्रत्यक्षात ती माळढोकाच्या अभयारण्याची भूमी आहे, काळवीट आणि लांडगा यांचं घर आहे. माळढोक वजनदार पक्षी आहे आणि समोरच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत, म्हणून प्रकल्पाबरोबर येणारी वीजवाहिनीसुद्धा त्याच्या जिवावर उठते. हा भाग गुण कमी करून हाताळायचा नाही, निर्बंधाच्या यादीत टाकायचा.

*सावधान:* अभयारण्याच्या हद्दीची फाइल कोणत्या वर्षाची आहे ते बघा. १९७९ साली जाहीर झालं तेव्हा क्षेत्र ८,००० चौरस किलोमीटरांहून मोठं होतं. नंतर ते बरंच कमी करण्यात आलं. जुनी हद्द वापरली तर सगळा तालुकाच बाद होण्याची वेळ येते. नवी हद्द वापरली तर हद्दीबाहेरचं तसंच माळरान मोकळं दिसतं. माझं मत असं की नवी हद्द निर्बंध म्हणून घ्या आणि हद्दीबाहेरच्या वर्ल्डकव्हर '३०' ला मधलेच गुण द्या, वरचे नाही.

मी वापरतो ते गुण असे: हद्दीबाहेरची दोन्ही वेळी कोरडी आणि वर्ल्डकव्हरमध्ये ६० किंवा ४० असलेली जमीन ५, गवताळ ३, रब्बीचं रान २, बागायत १.

टप्पा ४: चढ, आणि सपाट जमीन कुठे हरवते

Slope चालवा आणि लगेच कमाल-किमान बघा. उत्तर सोलापूरचा बहुतांश भाग ० ते ३ अंशांत यायला हवा. सगळीकडे ८० ते ९० अंश आले तर उंचीचा थर अजून अंश-रेखांशातच आहे. उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत मोजलं की प्रत्येक टेकाड उभा कडा बनतं. टप्पा २ कडे परत जा.

अंश आणि टक्के यांतही गफलत होते. ५ अंश म्हणजे जवळपास ८.७ टक्के. निकष टक्क्यांत वाचून थर अंशांत काढला तर हवी त्यापेक्षा चढाची जमीन आत घुसते.

एसआरटीएममधली उंची पूर्ण मीटरमध्ये असते. शेजारच्या दोन पिक्सेलांत एका मीटरची पायरी पडली तरी ३० मीटरवर तो चढ १.९ अंश होतो. म्हणून १ आणि २ अंशांत फरक करणारे गुण देणं निरर्थक आहे. ० ते ३ ला ५ गुण, ३ ते ५ ला ३, त्यापुढे १० पर्यंत १, एवढं पुरतं.

आता Reclassify by table. त्यातली मूळ सेटिंग `min < value <= max` अशी असते. म्हणजे ० ते ३ या गटात नेमका ० बसत नाही! अगदी सपाट पिक्सेल, ज्याला पैकीच्या पैकी गुण मिळायला हवेत, तो कोणत्याच गटात न बसता शून्यावर राहतो. Advanced मध्ये जाऊन `min <= value < max` निवडा, किंवा पहिला गट -१ पासून सुरू करा. अंतरांच्या थरातही हेच होतं, कारण रस्त्यावरच्या पिक्सेलचं अंतर शून्य असतं.

उताराची दिशा म्हणजे Aspect बहुतेक जण घेतात, कारण पुस्तकात दक्षिण उतार चांगला असं लिहिलेलं असतं. सोलापूरसारख्या सपाट भागात तो थर तोट्याचा ठरतो. पूर्ण सपाट जमिनीला दिशाच नसते, म्हणून तिथे NoData येतो. Raster calculator मध्ये एका थरात NoData असेल तर बेरजेतही NoDataच. परिणामी सर्वोत्तम जमीन नकाशात छिद्र बनून राहते. सपाट जागी ० भरण्याचा पर्याय आहे, पण दिशेच्या थरात ० म्हणजे उत्तर, म्हणजे सर्वांत कमी गुण. तीन अंशांखाली दिशेने फारसा फरक पडत नाही. थर वगळा.

*तपासणी:* गुण दिलेल्या चढाच्या थरात फक्त १, ३ आणि ५ हेच आकडे असावेत (१० अंशांपुढची जमीन निर्बंधात जाईल, तिलाही तात्पुरते १ द्या). कुठे ० किंवा पारदर्शक ठिपके दिसले तर वरचे दोन परिच्छेद पुन्हा वाचा.

टप्पा ५: अंतरं

उपकेंद्रं ओपनस्ट्रीटमॅपमधून `power=substation` ने मिळतात, पण सरसकट घेऊ नका. २० मेगावॉट वीज गावातल्या ३३/११ केव्हीच्या छोट्या उपकेंद्रावर उतरवता येत नाही. १३२ केव्ही किंवा त्यावरची उपकेंद्रं गाळून घ्या. `voltage` हा रकाना मजकूर असतो आणि त्यात कधी `132000;33000` असं दोन्ही लिहिलेलं असतं. म्हणून `=` वापरलं तर ही उपकेंद्रं गळतात. १३२ केव्हीसाठी असं लिहा, आणि २२० व ४०० केव्हीसाठी `OR` ने तसेच भाग जोडा:

```
"voltage" LIKE '%132000%'
```

या नकाशात काही उपकेंद्रं नसतील, काहींना व्होल्टेजच लिहिलेलं नसेल. उपग्रह प्रतिमेवर वाहिन्यांचे मनोरे जिथे एकत्र येतात ती ठिकाणं हाताने तपासून थर पुरा करा.

Rasterize करून मग Proximity (raster distance) चालवा. त्यात Distance units ला Georeferenced coordinates निवडा. Pixel coordinates राहिलं तर ३ किलोमीटरच्या जागी १०० दिसतं. गुण: २ किमीपर्यंत ५, ५ पर्यंत ४, ८ पर्यंत ३, १२ पर्यंत २, पुढे १. रस्त्यासाठी: ५०० मीटरपर्यंत ५, १ किमीपर्यंत ४, २ पर्यंत ३, ४ पर्यंत २, पुढे १.

*तपासणी:* मोजपट्टीने एका उपकेंद्रापासून कुठल्याही ठिकाणापर्यंतचं अंतर मोजा आणि तिथलीच पिक्सेलची किंमत वाचा. दोन्ही ३०-४० मीटरच्या फरकात जुळायला हवेत. मग जवळच्या जागेला जास्त गुण मिळालेत ना, तेही बघा. गुण उलटे देणं ही फार सहज होणारी चूक आहे.

टप्पा ६: निर्बंधांचा मुखवटा

प्रत्येक निर्बंधाचा थर ० आणि १ मध्ये करा आणि सगळे गुणा. बेरीज नाही, गुणाकार. एक जरी शून्य असलं तरी जागा बाद.

पाण्यासाठी वर्ल्डकव्हरचा '८०' पुरत नाही, कारण त्यात कायमचं पाणी येतं. हिप्परग्याचा एकरुख तलाव भरलेला आणि उन्हाळ्यातला यांत मोठा फरक असतो. उन्हाळ्यातल्या काठावर पटलं मांडली तर चांगल्या पावसाच्या वर्षी ती पाण्यात. चांगल्या पावसानंतरच्या ऑक्टोबरच्या प्रतिमेवरून तलावाची पूर्ण कड आखा आणि तिथून बफर घ्या. सीना नदी आणि मोठ्या ओढ्यांनाही बफर हवा. बफर किती मीटर घेतला हे तुमचं गृहीतक आहे, ते अहवालात कारणासह लिहा.

टप्पा ७: भारांक आणि बेरीज

चार घटकांची जोडीजोडीने तुलना करा (एएचपी पद्धत). माझी तुलना अशी: उपकेंद्र जमीन वापरापेक्षा २ पट, चढापेक्षा ३ पट, रस्त्यापेक्षा ४ पट महत्त्वाचं, जमीन वापर चढापेक्षा २ पट, रस्त्यापेक्षा ३ पट, चढ रस्त्यापेक्षा २ पट. प्रत्येक ओळीतल्या चार आकड्यांचा गुणाकार करून त्याचं चौथं मूळ काढा आणि त्या मुळांना त्यांच्या बेरजेने भागा. भारांक येतात: उपकेंद्र ०.४७, जमीन वापर ०.२८, चढ ०.१६, रस्ता ०.०९५, जो बेरीज नेमकी १ राहावी म्हणून ०.०९ धरला. सुसंगती गुणोत्तर सुमारे ०.०१ येतं. ०.१० च्या खाली असलं की तुलना परस्परविरोधी नाही एवढंच कळतं. भारांक बरोबर आहेत असा त्याचा अर्थ नव्हे.

```
("sub@1"*0.47 + "lulc@1"*0.28 + "slope@1"*0.16 + "road@1"*0.09) * "mask@1"
```

*तपासणी:* उत्तर ० किंवा १ ते ५ च्या दरम्यानच यायला हवं. मग एक पिक्सेल हाताने करून बघा. उपकेंद्र ३ किमीवर (४ गुण), दोन्ही वेळी कोरडी जमीन (५), चढ २ अंश (५), रस्ता ७०० मीटरवर (४): १.८८ + १.४० + ०.८० + ०.३६ = ४.४४. नकाशावर अशाच पिक्सेलला हाच आकडा दिसला तर साखळी बरोबर बसली. अभयारण्यातला एक पिक्सेलही वाचा, तिथे शून्यच हवं.

टप्पा ८: पिक्सेलांतून प्रकल्पाची जागा

आता तालुक्याच्या हद्दीवर कापा. ४ किंवा त्याहून अधिक गुणांचे पिक्सेल १, बाकी ० करा. ४० हेक्टर म्हणजे ३० मीटरचे सुमारे ४४४ पिक्सेल, म्हणून अनेक जण Sieve ला ४४४ देऊन मोकळे होतात. ते टाळा. Sieve लहान तुकडे शेजारच्यात मिसळतं, म्हणजे चांगल्या जमिनीच्या मधोमध असलेली वस्ती किंवा शेततळंही बुजवून चांगलंच दाखवतं. त्याऐवजी Polygonize करा, १ असलेले तुकडे घ्या आणि `$area >= 400000` ने गाळा.

तरीही ओढ्याकाठचे लांबट पट्टे उरतात, ज्यांचं क्षेत्रफळ पुरतं पण रुंदी पुरत नाही. -१०० मीटरचा बफर देऊन बघा: २०० मीटरपेक्षा अरुंद पट्टे नाहीसे होतील.

मग उपकेंद्राचा भारांक ०.३७ आणि जमीन वापराचा ०.३८ करून सगळं पुन्हा चालवा. दोन्ही वेळा वर राहणारे तुकडे विश्वासाचे. एकदाच दिसणारे तुकडे अहवालात वेगळ्या रंगात दाखवा.

टप्पा ९: शिवारात

उरलेले तुकडे क्यूफील्डमध्ये टाकून मोबाइल घेऊन जा. मातीची खोली बघा. खोल काळ्या जमिनीत उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात, ती पावसात फुगते आणि खांबांचा पाया महाग होतो. मुरमाड जमिनीत हा त्रास नाही. नकाशात न आलेल्या विहिरी, ठिबकच्या नळ्या, नवी फळबाग टिपून ठेवा. गुराखी किंवा मेंढपाळ भेटले तर ती जागा चराईची आहे का ते विचारा आणि सातबाऱ्यावर गायरान अशी नोंद आहे का ते पाहा. गायरान नकाशावर रिकामं दिसतं, पण गावची गुरं त्यावर जगतात.

प्रत्येक तुकड्याचे गट नंबर उतरवून घ्या. ४० हेक्टर जमीन किती सातबाऱ्यांत विभागलेली आहे, हे कोणताही रास्टर थर सांगत नाही. अहवालाच्या तक्त्यात त्यासाठी एक स्वतंत्र रकाना ठेवा.